फोटो काढणारी फोटोत कुठे असते?



बाबा गेले तेव्हा हाराखाली लावायला फोटो शोधत बसलो. अल्बम पाच, पण बाबा एकातही नाहीत. कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा ना! एका फोटोत आम्हा भावंडांच्या पायाशी त्यांची सावली तेवढी पडली होती. शेवटी बँकेच्या पासबुकावरचा फोटो मोठा करून घेतला.

आता घरात ते काम माझ्याकडे आहे. म्हणून सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मी हट्टाने ट्रायपॉड लावला. "सेल्फी काढ की," असं जाऊबाई म्हणाल्याच. पण सेल्फीत फोन धरणारीचं तोंड सगळ्यांत मोठं येतं आणि कडेची माणसं ताणल्यासारखी दिसतात. चौदा माणसांसाठी तो उपाय नव्हे.

पहिला फोटो फसला. दहा सेकंदांचा टायमर लावून धावले, जागेवर पोचले, पण पदर अजून हलत होता. दिवाणखान्यात उजेड कमी असला की फोन फोटो घ्यायला जास्त वेळ लावतो, आणि तेवढ्यात हललेलं सगळं फिसकटतं. ट्रायपॉड फोनला स्थिर ठेवतो, आपल्याला नाही! शिवाय सगळे खिडकीकडे पाठ करून बसलेले, त्यामुळे चेहरे काळे.

मग सगळ्यांना उलटं फिरवलं. खिडकी फोनच्या मागे आली आणि चेहऱ्यांवर उजेड पडला. आपल्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी, त्यामुळे दुपारचा उजेड हाताशी होताच. ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवले, मधली दांडी वर ओढली नाही, कारण ती वर गेली की फोन डुलतो. फोन उभ्या माणसांच्या छातीइतक्या उंचीवर ठेवला. सगळे मावावेत म्हणून ०.५ वर न जाता मीच ट्रायपॉड घेऊन दाराबाहेर सरकले, ०.५ वर कडेच्या माणसांचे चेहरे पसरतात. आणि माझी जागा मागे मध्ये न ठेवता कडेला, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी ठेवली, म्हणजे कुणाला ओलांडून जायला नको.

धावपळ मात्र ब्लूटूथच्या छोट्या रिमोटने संपली. तो फोनशी एकदा जोडायचा, मग फोन कॅमेऱ्यावर असताना त्याचं बटण दाबलं की फोटो निघतो. त्यासोबत तीन सेकंदांचा टायमर ठेवला, म्हणजे बटण दाबून हात पदराआड घ्यायला वेळ मिळतो. एकदा दाबून थांबू नका. चौदांत कुणाचे तरी डोळे मिटतातच. आम्ही आठ काढले, दोन चांगले आले.

यजमान म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? वॉचमनला बोलवायचं." बोलावलं होतं ना मागच्या वर्षी, त्याने सगळ्यांचे पाय कापले, आणि दुसरा काढून द्या म्हणायला आपल्यालाच संकोच!

या फोटोत माझा चष्मा थोडा तिरका आहे. तोच फोटो छापून दिवाणखान्यात लावला.