मोड द्यायच्या आधी तीन आकडे लिहून घ्या

विटा आणि खानापूर तालुक्यातल्या आयाबहिणींनो, बंधूंनो,

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लग्नांची रांग सुरू होते, आणि त्याच्या आधी कपाटातल्या जुन्या डब्या उघडतात. आजीची बोरमाळ, सासूच्या पाटल्या, तुटलेली वेढणी मोडीत जातात आणि त्यातून नवं गंठण होतं. ज्यांना येत्या आठ-पंधरा दिवसांत मोड द्यायची आहे, त्यांनी पेठेत पाऊल टाकण्याआधी एवढं वाचावं. डाग एकदा मुशीत गेला की तो कसा होता हे सांगायला काही मागं राहत नाही. राहतो तो फक्त कागद, आणि तो वाचता आला पाहिजे.

मी गलाईवाला. आपल्या भागातल्या शेकडो घरांतली माणसं जशी परमुलखात जाऊन भट्टीपुढं बसली, तसाच मीही अर्धं आयुष्य बसलो. दुष्काळी गावांतली ही पोरं देशभरच्या सराफ बाजारांत सोनं गाळतात, टंच काढतात, आणि गावच्या जत्रेला घरी येतात. आणि त्याच घरांतल्या बायकांना मोडीची पावती वाचता येत नाही. याला जबाबदार आम्हीच. आम्ही दुसऱ्यांचं सोनं मोजलं, घरात हिशेब कधी बोललो नाही.

माझ्या आक्कानं नातीच्या लग्नासाठी बोरमाळ मोडली. परगावच्या एका पेढीवर गेली होती. घरी आली ती तणतणतच. म्हणाली, "आरं, बत्तीस ग्रॅमची माळ दिली आन् कागदावर बावीसच लिवलंय. दहा ग्रॅम गिळलं मेल्यांनी."

मी पावती बघितली. काट्यावरचं वजन ३२.४०० ग्रॅम, लगड २६.५००, टंच ८६.४०, फाईन २२.८९६. आक्काला जिथं चोरी दिसत होती तिथं चोरी नव्हती. ती खालच्या ओळीत होती, आणि तिकडं तिचं लक्षच गेलं नव्हतं.

आधी वरच्या ओळी बघू. जुन्या बोरमाळेचे मणी पोकळ असतात. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून मणी करतात आणि तो चेपू नये म्हणून आत लाख भरतात. माळ दोऱ्यात ओवलेली असते. काट्यावर सोन्याबरोबर लाखही बसते, दोराही बसतो, आणि वर्षानुवर्षांचा मळही. भट्टीत लाख जळून गेली. ३२.४०० तले ५.९०० ग्रॅम गेले ते बहुतेक तिचेच. ते सोनं नव्हतंच. पाटली किंवा तोडा यासारखा भरीव डाग असता तर एवढी घट पडली नसती, आणि पडली असती तर मीच आधी भांडलो असतो.

आता टंच. आक्काचं म्हणणं, माळ बावीस कॅरेटची आहे, आईनं तसंच सांगितलं होतं. कॅरेट म्हणजे चोवीस भागांतले किती भाग सोनं, एवढंच. बावीस कॅरेटमध्ये बावीस भाग सोनं आणि दोन भाग तांबं-चांदी. कॅरेटला २४ नं भागून १०० नं गुणलं की टक्के मिळतात. बावीसचे ९१.६७, अठराचे ७५, चौदाचे ५८.३३. शिक्क्यावर हेच हजारात लिहितात म्हणून बावीसला ९१६ आणि अठराला ७५०. चौदाला मात्र ५८५ लिहितात, हिशेबापेक्षा किंचित जास्तच. उलट जायचं तर टक्क्यांना २४ नं गुणून १०० नं भागा. आक्काचे ८६.४० टक्के म्हणजे पावणेएकवीस कॅरेटला थोडे कमी.

मग आई खोटं बोलली का? नाही. पत्रा बावीसचाच असेल. पण प्रत्येक मण्याला सांधा आहे, आणि सांधा जोडायला जे डाक लावतात ते पत्र्याच्या आधी वितळायला हवं, म्हणून त्यात तांबं-चांदी जास्त घालतात. माळेत जितके मणी तितके सांधे. सगळं एका मुशीत वितळलं की डाकाचा हलका कस पत्र्याच्या कसात मिसळतो आणि सरासरी खाली येते. साखळी, बोरमाळ, जोंधळी पोत यांत हे जास्त दिसतं. जुन्या सोनाराला लगेच चोर म्हणू नका. पुढं काही डागांवर केडीएम असं कोरलेलं यायला लागलं, त्यालाही लोक शुद्धतेचा शिक्का समजतात. तो डाकाचा प्रकार. त्यात कॅडमियम घालत, आणि त्याच्या धुरानं नुकसान व्हायचं ते कारागिराच्या फुप्फुसाचं.

म्हणजे २६.५०० ग्रॅम लगडीत ८६.४० टक्के सोनं. गुणून १०० नं भागलं की २२.८९६ ग्रॅम. हे शुद्ध सोनं. आम्ही त्याला फाईन म्हणतो. हा नुसता कागदावरचा आकडा नव्हे, मी तो डोळ्यांनी बघितलेला आहे. लगडीत साधारण तिप्पट चांदी घालून वितळवायची, रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे आणि ते नायट्रिकच्या तेजाबात उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळून निघून जातं. तळाशी राहते ती विटकरीच्या भुग्यासारखी तपकिरी पूड. पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण ती सोन्यासारखी जराही दिसत नाही. ती धुवून, वाळवून, पुन्हा मुशीत घातली की पिवळी होते. तिचं वजन टंचाच्या हिशेबाजवळ आलं तर टंच खरा.

इथपर्यंत पेढीनं आक्काला फसवलं नव्हतं. पुढं फसवलं.

नवं गंठण बावीस कॅरेटचं होतं. पेढीवाल्यानं फाईनचे २२.८९६ ग्रॅम घेतले आणि गंठणातल्या बावीस कॅरेटच्या २२.८९६ ग्रॅमशी बरोबरी केली. "वजनाला वजन दिलं आजी," म्हणाला. पण जुन्या बाजूला कस आधीच कापून झाला होता आणि नव्या बाजूला तो कापलाच नव्हता. फाईनचं बावीस कॅरेट करायचं तर ०.९१६ नं भागावं लागतं. २२.८९६ भागिले ०.९१६ म्हणजे जवळजवळ २५ ग्रॅम. आक्काला बावीस कॅरेटचं २५ ग्रॅम सोनं देणं लागत होतं, मिळालं २२.८९६. दोन ग्रॅमांहून थोडं जास्त सोनं तिथंच राहिलं.

हीच गोष्ट रोख घेताना दरातून होते. हिशेब सोपा व्हावा म्हणून शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरू, म्हणजे बावीस कॅरेटचा ९,१६०. २२.८९६ ग्रॅम फाईनचे १०,००० च्या दरानं २,२८,९६० रुपये होतात. त्याच फाईनला ९,१६० चा दर लावला तर २,०९,७२७. फरक एकोणीस हजारांच्या वर. दुकानदारानं आपला गाळप खर्च घ्यावा, मोडीचा दर विक्रीच्या दराहून थोडा खाली ठेवावा, धंदा आहे. पण ते वेगळ्या ओळीत, नाव लिहून. कस दोनदा कापणं हा धंदा नव्हे. म्हणून एवढं पाठ करा: फाईनच्या वजनाला शुद्ध सोन्याचा दर, बावीसच्या वजनाला बावीसचा.

आता आवाहन. मोड देताना हे तीन आकडे तुमच्यासमोर निघू द्या आणि पावतीवर लिहून घ्या: गाळायच्या आधीचं वजन, लगडीचं वजन आणि टंच. पहिलं वजन घेताना खडे, दोरा, मेण आधी काढायला सांगा. गाळताना समोर बसा. चहा प्यायला बाहेर बोलावलं तर तिथंच मागवा. रस ओतल्यावर मूस पालथी करून दाखवायला सांगा, कडेला कण चिकटलेले असतात.

टंचासाठी बहुतेक ठिकाणी किरणांचं यंत्र असतं. मिनिटभरात आकडा देतं आणि डागाला ओरखडाही येत नाही, म्हणून लोकांना ते देववाणीसारखं वाटतं. पण ते वरचा अगदी पातळ थर वाचतं. मुलामा असेल तर मुलामा वाचेल, डाकावर धरलं तर डाक वाचेल. म्हणून अख्ख्या डागाच्या टंचावर मोड ठरवू नका, गाळलेल्या लगडीवर काढायला लावा, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी. रस नीट ढवळला नसेल तर दोन बाजूंचे आकडे वेगळे येतात. तसे आले तर लगड पुन्हा वितळवून ढवळायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अगदीच वाद झाला तर अग्निपरीक्षा: लगडीचा तुकडा शिशात गुंडाळून तापवायचा, हलके धातू शिशाबरोबर भट्टीतल्या सच्छिद्र वाटीत मुरतात, चांदी तेजाबात जाते आणि उरलेलं सोनं तोलायचं. वेळ लागतो, पण शेवटचा शब्द तिचा.

ज्यांना मोडायचं नाही, फक्त कस जाणून घ्यायचाय, त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रं बिनशिक्क्याचे दागिने तपासून देतात, चार नगांपर्यंत २०० रुपयांत. आणि नवा डाग घेताना तीन खुणा बघा: मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, 22K916 सारखा कस, आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेला डाग हॉलमार्कचा म्हणून विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या डागांना सूट आहे, तेव्हा फुली-मोरणीवर तो शोधत बसू नका. दुकानातच मोबाइलवर BIS Care उघडून क्रमांक टाका आणि आलेली माहिती हातातल्या डागाशी जुळते का बघा.

आक्का मला घेऊन पुन्हा त्या पेढीवर गेली. मी कॅल्क्युलेटर पुढं ठेवून ०.९१६ चा भागाकार केला. मालकानं एकदा पावतीकडं बघितलं, एकदा माझ्या बोटांवरच्या तेजाबाच्या डागांकडं, आणि दोन ग्रॅमचे पैसे मोजून दिले. प्रत्येकीबरोबर गलाईवाला जाणार नाही. म्हणून हा कागद घडी करून डबीत, डागांच्या खाली ठेवा. हिशेब जमला नाही तर मूस पेटायच्या आधी गल्लीतल्या कोणत्याही गलाईवाल्याला हाक मारा. विट्यात तो दर चार घरांआड सापडतो.

विट्याचा एक जुना गलाईवाला