'पाठवा'चे हिंदी काय?

धाराशिवहून तूरडाळ विकणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याने दिल्लीच्या ग्राहकाला ई-मेल लिहिला, असे समजू : "आपका पेमेंट नहीं आया। आपको बोला था। शुक्रवार तक भेजो।" मराठी मनाला यात उद्धटपणा दिसत नाही. 'आप' तर म्हटले आहे, आणखी आदर तो कोणता? दिल्लीकराला मात्र हे दरडावणे वाटते. आणि आमच्या मते त्याचे कान चुकत नाहीत.

मराठीत 'तुम्ही पाठवा' एवढ्यावर वडीलधाऱ्यांपासून गिऱ्हाइकापर्यंत बहुतेकांशी भागते. लेखी व्यवहारात 'आपण पाठवावे' असे विध्यर्थी रूप योजले की औपचारिकता पूर्ण होते. हिंदीत पायऱ्यांची उंची निराळी आहे. 'तुम्ही' आणि 'तुम' कानाला सख्खे वाटतात, पण 'तुम' हे बरोबरीच्याला किंवा धाकट्याला. 'भेजो' हे त्या 'तुम'चे क्रियापद; 'आप'ला 'भेजिए' किंवा 'भेजें' हवे. 'आप भेजो' ही सरमिसळ मुंबईत, मराठवाड्यात, अगदी दिल्लीच्या बोलण्यातही ऐकू येते. परंतु जे तोंडी खपते ते पत्रात टोचते. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हिंदी-उर्दू आपल्याला येतेच अशी येथे समजूत असते. फसगत नेमकी त्या आत्मविश्वासात आहे.

'आपको बोला था' हे तर 'तुम्हाला सांगितले होते' याचे शब्दशः रूप. मराठीत ती साधी आठवण. हिंदीत 'को बोला' आज्ञेकडे झुकते. तेथे 'आपसे निवेदन किया था' म्हणतात, म्हणजे सांगणारा स्वतः एक पायरी खाली उतरतो. मराठी माणसाला हे लाचारीचे वाटते. ते लाचारीचे नाही, आपल्या 'सा. न. वि. वि.'मधील 'विनंती' जे काम करते, तेच तेथे 'निवेदन' करते. फरक एवढाच की आपण ती विनंती मायन्यात आटोपून मोकळे होतो, आणि हिंदीत ती क्रियापदापर्यंत पुरवावी लागते.

तोच मजकूर मग असा होईल : "महोदय, सादर नमस्कार। पिछले माह भेजे गए माल का भुगतान अब तक प्राप्त नहीं हुआ है। निवेदन है कि शुक्रवार तक भेजने की कृपा करें। भवदीय". मागणी तीच, मुदतही तीच.

याच्या पलीकडे 'भेजने का कष्ट करें' आहे. मराठीत कष्ट म्हणजे घाम गाळणे, म्हणून आपल्याला त्याचे हसू येते. हिंदीत ते रुळलेले आहे, पण त्याला सरकारी अर्जाचा वास येतो. रोजच्या ग्राहकाला ते लिहू नये. त्याच्या उत्तरातील क्रियापद पाहावे. तो 'कर दीजिएगा' लिहीत असेल तर आपणही तेच लिहावे आणि नावापुढे 'जी' लावावा. मात्र 'दीजिएगा' हे 'सवडीने करा' असेही ऐकू येते, तेव्हा थकबाकीच्या पत्रात त्याच वाक्यात तारीख घालावी.