भिशीची पत बँकेला दिसत नाही: गृहिणीच्या पहिल्या क्रेडिट कार्डाचा प्रश्न

बोरीवली पूर्वेच्या देवीपाडा, काजूपाडा भागात विहारातल्या महिला मंडळाच्या भिशीत वर्षानुवर्षे एकही हप्ता न चुकवणाऱ्या भगिनी आपल्या ओळखीच्या आहेत. मंडळात त्यांचा शब्द चालतो. पण हीच भगिनी बँकेत कार्डासाठी गेली की अर्जातला 'मासिक उत्पन्न' हा रकाना रिकामा राहतो आणि अर्ज परत येतो. भिशीचा व्यवहार सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे नोंदवला जात नाही, म्हणून तिची सगळी शिस्त कागदावर शून्य ठरते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. स्कोअर वाईट असणे आणि स्कोअरच नसणे या एक गोष्टी नव्हेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे की, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही लोकसभेत हेच स्पष्ट केले. पण यामुळे उत्पन्नाची अट जात नाही. परतफेड कशातून होणार, हे बँक विचारणारच. त्यामुळे 'स्कोअर नाही' हे कारण मागे पडले, तरी 'पगार नाही' हे कारण शिल्लक राहते.

मग बहुतेक घरांत सोपा मार्ग निवडला जातो. नवऱ्याच्या कार्डावर बायकोच्या नावाचे ॲड-ऑन कार्ड घेतले जाते. खरेदीची सोय होते, पण नियमानुसार या कार्डाच्या देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. परतफेडीची नोंदही सहसा त्याच्याच नावे जाते. दहा वर्षे कार्ड वापरूनही तिचा स्वतःचा पतइतिहास तयार होत नाही. नवरा गेला किंवा संसार तुटला, तर कार्डही संपते.

आमच्या मते उत्पन्न नसलेल्या गृहिणीसाठी खरा दरवाजा मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हाच आहे. यात बँक पगारपत्रक मागत नाही, कारण ठेव तारण असते. समजा, एका भगिनीने लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये चौदा महिने बाजूला ठेवले. ते २१,००० झाले. त्यातले २०,००० तिने स्वतःच्या एकटीच्या नावे मुदत ठेवीत टाकले. किमान ठेव आणि मर्यादा बँकेनुसार बदलते. ८० टक्के धरले तर १६,००० रुपयांची मर्यादा मिळेल. ठेवीवर व्याज चालूच राहते, मात्र कार्ड बंद होईपर्यंत ती मोडता येत नाही.

अर्जाआधी पॅन, आधार आणि बँक खात्यावरचे नाव एकच आहे का, ते पाहावे. पॅन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल, तर अर्ज तिथेच अडकतो.

कार्ड आल्यावर महिन्याला दोन-तीन हजारांचा किराणा किंवा वीजबिल त्यावर भरावे आणि देय तारखेआधी पूर्ण रक्कम चुकती करावी. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात हे कार्ड आपल्याच नावाने नोंदले आहे ना, ते तपासावे.

बिघडते कुठे, तर 'किमान देय रक्कम' या ओळीवर. समजा, ८,००० च्या बिलापैकी ५ टक्के, म्हणजे ४०० रुपयेच भरले. उरलेल्या ७,६०० वर महिना साडेतीन टक्के दराने २६६ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन्ही मिळून सुमारे ३१४ रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा ४०० भरले, तर मुद्दल फक्त ८६ रुपयांनी उतरते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याजाचा हा दर वर्षाला ४२ टक्के पडतो. ठेवीवर मिळणारे व्याज त्यापुढे काहीच नाही. शेवटी बँक ठेवीतून वसुली करते आणि बिघडलेली नोंद मात्र तिच्या नावावर राहते.

या कार्डाने उत्पन्न निर्माण होत नाही, हेही लक्षात घ्यावे. मोठ्या कर्जाला पुढेही कमाईचा पुरावा किंवा सहअर्जदार लागेल. पण उद्या शिलाई मशीन किंवा पोळी-भाजी केंद्रासाठी ती बँकेत गेली, तर तिच्या नावापुढे कोरा कागद नसेल. महिला मंडळांनी भिशीच्या बैठकीत ॲड-ऑन कार्ड आणि ठेवीवरचे कार्ड यांतला हा फरक एकदा तरी समजावून सांगावा.