‘होय’ कळवण्याआधी वही काढा

ऑफर लेटर आलं की घरात पेढे येतात. पेढे जरूर आणा, पण ‘होय’ कळवण्याआधी वही काढा.

समजा, रेवदंड्याचा एक डिप्लोमावाला. घरून अलिबागला जाऊन-येऊन नोकरी करतो, हातात २३,००० पडतात. उरणच्या कंटेनर यार्डातून त्याला ३,६०,००० सीटीसीची ऑफर आली. महिन्याचे ३०,००० झाले. मूळ पगार १५,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे ७२२ त्या सीटीसीतच धरलेले. शिवाय त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जाणार. हातात राहिले २५,४७८. उरणला खोलीचे ४,५०० आणि खानावळीचे ३,००० गेले की उरतात १७,९७८. पगार वाढला, पण शिल्लक पाच हजारांनी घटली! आजच्याइतकं उरायचं तर सीटीसी सव्वाचार लाखांच्या आसपास हवी.

हा हिशेब वहीतच ठेवा. खोलीचं भाडं ही आपली अडचण. कंपनी पैसे मोजते ते तिच्या गरजेसाठी. म्हणून मेलमध्ये कारण कामाचं द्या. ऑफरची मुदत संपायच्या आत असं लिहा:

‘माननीय महोदय, ऑफरबद्दल आभारी आहे. आपल्याकडे काम करण्याची माझी इच्छा आहे. रीच स्टॅकरच्या हायड्रॉलिक दुरुस्तीचं काम मी तीन वर्षं स्वतः करतो आहे, रात्रपाळीचीही तयारी आहे. हे लक्षात घेऊन वार्षिक ४,३२,००० चा विचार व्हावा, ही विनंती. आपल्या वेतनरचनेत हे बसत नसेल, तर सध्याच्या आकड्यावर राहण्याची व कँटीनची सोय मिळावी आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार व्हावा. तसं नेमणूकपत्रात नमूद झाल्यास मी रुजू होईन. आपला विश्वासू.’

दुसरी मागणी पडेल वाटते, पण वहीत बघा: खोली-खानावळ वाचली तर २५,४७८ जवळपास तसेच उरतात, म्हणजे आजच्यापेक्षा जास्तच. माघारीची जागा अशी आधी मोजून ठेवावी. दोन्हींना नकार आला, तर अलिबागची नोकरी आहेच. म्हणूनच सही केलेलं नेमणूकपत्र मिळेपर्यंत तिथला राजीनामा देऊ नका. आणि ‘दुसरीकडून जास्त मिळतंय’ अशी थाप मारू नका. ते पत्र दाखवा म्हणाले तर पंचाईत होते.

एचआर फोनवर म्हणेल, “सहा महिन्यांनी बघू.” त्यावर नम्रपणे म्हणा, “साहेब, तेवढं मेलवर कळवा.” तो मेल येत नसेल, तर ते आश्वासन हिशेबात धरू नका.

मात्र थळच्या आरसीएफसारख्या सरकारी कंपनीत वेतनश्रेणी ठरलेली असते. तिथे आकड्यावर घासाघीस चालत नाही. क्वार्टर मिळेल का, एवढं विचारावं.