‘आपल्या सोयीनुसार’ लिहिणं आधी थांबवा

8 जानेवारी 2024, सोमवार. त्या दिवशी मी माझ्या पीएचडीच्या व्हायवासाठी पाच जणांना एकच मेल पाठवली. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: ‘आपल्या सोयीनुसार येत्या काही आठवड्यांतील योग्य दिवस कळवावा, ही नम्र विनंती.’ हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला होता. ‘कृपया’ एकदा की दोनदा, यावर मी विचार केला होता. त्या वाक्याने माझे सात आठवडे खाल्ले.

प्रबंध जमा केला होता 21 ऑगस्ट 2023 ला. परीक्षकांचे अहवाल डिसेंबरअखेर आले, चांगले आले. मग ऑफिसमधून निरोप मिळाला, ‘आता तुम्ही आणि गाइड मिळून तारीख ठरवा.’ यातला ‘तुम्ही आणि गाइड’ प्रत्यक्षात फक्त ‘तुम्ही’ असतो, हे पीएचडी करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. कॉलेजातल्या एका जागेसाठी अर्जाची मुदत 29 फेब्रुवारी होती आणि त्यासोबत किमान प्रोव्हिजनल प्रमाणपत्र हवं होतं. हातात दोन महिने होते. फक्त एक तारीख जमायची होती.

उत्तरं आली तशी सांगतो. पहिले सर म्हणाले, ‘पुढचा आठवडा चालेल, मंगळवार सोडून.’ दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘20 तारखेनंतर बघू.’ तिसऱ्यांनी लिहिलं, ‘मला कधीही चालेल, बाकीच्यांचं ठरवा.’ चौथे सर इतरांची उत्तरं येईपर्यंत थांबले, कारण त्यांच्याहून ज्येष्ठ माणूस अजून बोलला नव्हता. पाचवे म्हणजे एक्स्टर्नल. त्यांनी बाराव्या दिवशी तीन तारखा दिल्या, पण तोवर पहिल्या सरांचा ‘पुढचा आठवडा’ संपून गेला होता. मी पुन्हा सगळ्यांना लिहिलं, पुन्हा तितक्याच नम्रपणे.

यात सगळ्यात घातक उत्तर ‘कधीही चालेल’ हे आहे. वाचताना हायसं वाटतं. पण ‘कधीही’ म्हणणाऱ्याने आपल्या डायरीत एकही दिवस राखलेला नसतो. तुम्ही तारीख पक्की करून कळवता, तेव्हा तो म्हणतो, ‘अरेरे, त्या दिवशी नेमकी पेपर तपासणी आहे.’ त्याचं काही चुकलेलं नसतं. विचारलं तेव्हा तारीखच नव्हती, मग त्याने राखायचं काय?

आपण समजतो की मोठी माणसं बिझी असतात, म्हणून तारीख जमत नाही. हे अर्धंच खरं आहे. साधा हिशेब करून बघा. दोन आठवड्यांत कामाचे दहा दिवस धरा, दिवसाला सकाळ आणि दुपार असे दोन भाग, म्हणजे एकूण 20 वेळा. समजा प्रत्येक माणूस त्यातल्या निम्म्या वेळा मोकळा आहे, म्हणजे अगदी उदार अंदाज. एका माणसाच्या 10 वेळा मोकळ्या. दोघांच्या सामाईक सरासरी 5. तिघांच्या अडीच. चौघांच्या सव्वा. पाचव्या माणसाला धरलं की एकसुद्धा पूर्ण उरत नाही. खऱ्या डायऱ्या इतक्या स्वतंत्र नसतात. परीक्षेच्या आठवड्यात सगळे एकदमच अडकतात. पण कल हाच राहतो. माणूस वाढला की सामाईक वेळ निम्मी होते. म्हणजे पाच जणांना सरसकट ‘कधी जमेल’ विचारणारी मेल मुळातच हरलेली असते, तुम्ही कितीही गोड लिहा.

हे मला कुठल्या कार्यशाळेत कळलं नाही. आमच्या होळीत कळलं. वसईत बाजाराच्या वाटेवर शेजारच्या काकी भेटल्या, मुलाच्या लग्नाच्या धावपळीत होत्या. मी सहज विचारलं, तारीख कशी काढली? म्हणाल्या, ‘उपवासकाळात लग्न नाही, म्हणून ईस्टरनंतरचं बघितलं. आधी फादर आणि हॉल. दोघांचं जुळलं तो दिवस धरला.’ आणि नातेवाईक? काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘नातेवाइकांना पत्रिका देतात रे. विचारतात काय?’

मी मात्र हॉलला, फादरला आणि अंधेरीच्या मावशीला एकाच ओळीत उभं करून ‘आपली सोय’ विचारत होतो.

मग नियम उघडला. यूजीसीचे पीएचडीसाठीचे 2022 चे नियम सांगतात की व्हायवाच्या मंडळात गाइड आणि दोन बाह्य परीक्षकांपैकी किमान एक असावा. व्हायवा ऑनलाइन घेता येते. सल्लागार समितीचे सदस्य, विभागातले शिक्षक, इतर संशोधक आणि विद्यार्थी यांच्यासाठी ती खुली असते. म्हणजे ते येऊ शकतात, पण त्यांच्यावाचून ती अडावी असं या नियमात नाही. तुमचं विद्यापीठ आपल्या नियमात एखादा अध्यक्ष किंवा विभागप्रमुख जोडतं, तेवढं तपासून घ्यायचं. माझ्या बाबतीत नियमाने लागणारी माणसं तीन होती: गाइड, अध्यक्ष, एक्स्टर्नल. उरलेल्या दोघांना मी आदरापोटी मंडळात बसवलं होतं. तो आदर मला महागात पडला. त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे: प्रबंध जमा झाल्यापासून सहा महिन्यांत व्हायवाच्या निकालासकट सगळी प्रक्रिया पूर्ण होईल, अशी व्यवस्था संस्थेने करायची. संस्थेने. विद्यार्थ्याने नव्हे. माझे सहा महिने 21 फेब्रुवारीला संपले आणि त्यावर कुणालाच काही उत्तर द्यावं लागलं नाही, कारण दप्तरी तारीख ‘उमेदवाराच्या स्तरावर प्रलंबित’ होती.

तारीख जमवण्याचं काम उमेदवाराकडे ढकलणं ही सोय नाही, पळवाट आहे. ज्याच्या हातात काहीच अधिकार नाही, ज्याला प्रत्येक वाक्यात ‘कृपया’ लिहावं लागतं, त्यालाच पाच मोठ्या माणसांच्या डायऱ्या जुळवायला सांगायचं. तो दुसऱ्यांदा आठवण करायला आठ दिवस घाबरतो. तिसऱ्यांदा करतच नाही. शिवाय ज्यांनी आपला प्रबंध तपासला त्यांच्याशी उमेदवाराने थेट पत्रव्यवहार करावा, हेही बरं दिसत नाही. मेलचा मसुदा विद्यार्थ्याने करावा, हरकत नाही. पण ती गाइडच्या पत्त्यावरूनच गेली पाहिजे.

26 फेब्रुवारीला मी गाइडांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांची आणि अध्यक्षांची 11 ते 22 मार्चची डायरी समोरासमोर ठेवली. दोघंही एकाच मजल्यावर, त्यामुळे मेलची गरजच नव्हती. दहा मिनिटांत पाच सामाईक वेळा मिळाल्या. एक्स्टर्नलला फक्त त्या पाच पाठवल्या. पाचच का? निम्म्या वेळा मोकळ्या असलेल्या माणसाला तीन वेळा दिल्या, तर एकही न जमण्याची शक्यता आठात एक. पाच दिल्या, तर बत्तीसात एक. दहा दिल्या तर तो मेल ‘नंतर निवांत बघू’ म्हणून बाजूला ठेवतो, हा माझा अनुभव. मेल इंग्रजीत गेली. मराठीत ती अशी होते:

> विषय: पीएचडी व्हायवा: पाचपैकी एक वेळ निवडावी (उत्तर 1 मार्चपर्यंत)
>
> आदरणीय सर,
> आपला अहवाल मिळाला, आभार. व्हायवासाठी मी आणि अध्यक्ष खालील पाचही वेळा राखून ठेवल्या आहेत. आपल्याला जमणाऱ्या सर्व वेळांचे फक्त क्रमांक कळवावेत.
> 1. मंगळवार 12 मार्च, सकाळी 11
> 2. गुरुवार 14 मार्च, दुपारी 3
> 3. शुक्रवार 15 मार्च, सकाळी 11
> 4. सोमवार 18 मार्च, सकाळी 11
> 5. बुधवार 20 मार्च, दुपारी 3
>
> व्हायवा दीड तासाची आहे. प्रत्यक्ष येणे शक्य नसल्यास ऑनलाइन व्यवस्था आहे. शुक्रवार 1 मार्चला संध्याकाळी एक वेळ पक्की करून बाकीच्या मोकळ्या करू. यातली एकही जमत नसल्यास तसे कळवावे, पुढच्या आठवड्यातील वेळा लगेच पाठवतो.

त्यातल्या ‘सर्व’ या शब्दावर गाइडांनी बोट ठेवलं होतं. एकच क्रमांक मागितला आणि मधेच हॉल गेला, तर पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन हातात असले की पर्याय राहतो. आणि ‘बाकीच्या मोकळ्या करू’ हे वाक्य नुसतं लिहून भागत नाही, करावं लागतं. पाच वेळा राखून ठेवलेल्या माणसाला त्यातल्या चार परत केल्या नाहीत, तर पुढच्या विद्यार्थ्यासाठी तो राखणार नाही. एक गोष्ट आधी तपासा: खुल्या व्हायवाची सूचना काही दिवस आधी लावावी लागते. किती दिवस, ते आपल्या विद्यापीठाच्या नियमात असतं. त्या मुदतीच्या आतली तारीख सुचवली तर सगळे तयार असूनही ती रद्द होते.

आता आक्षेप. ज्येष्ठांना तारखांची यादी द्यायची, वर उत्तराची मुदत घालायची, हे उद्धट नाही का? मलाही वाटायचं. व्हायवा झाल्यावर चहा पिताना एक्स्टर्नल सरांनाच विचारलं. ते म्हणाले, ‘तुझ्या पहिल्या मेलला उत्तर द्यायला मला सगळी डायरी उघडून बसावं लागलं असतं. म्हणून राहून गेलं. दुसरीला गाडीत बसल्या बसल्या ‘2, 4’ लिहिलं.’ माझ्या नम्रतेने त्यांच्यावर काम लादलं होतं.

काही जण म्हणतील, मग ऑनलाइन पोल का नाही? तुमच्या वयाच्या मित्रांत खुशाल करा. पण अनोळखी लिंक उघडणं, नाव टाकणं, पंचवीस चौकोन टिचकवणं हे सगळे करतीलच असं नाही, आणि एक माणूस राहिला की पोल अर्धवटच लटकतो. अंकी उत्तराची मेल फोनवर एका अंगठ्याने देता येते.

‘2, 4’ हे उत्तर 28 फेब्रुवारीला आलं. व्हायवा 14 मार्चला दुपारी 3 वाजता झाली. आदरापोटी बोलावलेल्या दोघांना पत्रिका गेली होती. एक सर आले, मॅडमना जमलं नाही, त्यांनी फोनवर अभिनंदन केलं. 29 फेब्रुवारीची ती जागा अर्थातच गेली. दुसरी मेल मी 8 जानेवारीला पाठवली असती तर अर्ज करता आला असता.

गाइडांनी ती मेल ड्राफ्टमध्ये ठेवली आहे. माझ्या मागच्या मुलीच्या वेळी त्यांनी तारखा बदलल्या आणि ऑफिसातल्या क्लार्कलाही एक प्रत देऊन ठेवली. तो म्हणाला, ‘असं असेल तर आम्हीच पाठवू की.’ त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, असं त्याचं म्हणणं. मी ते तिथेच सोडून दिलं.