टाकीत उतरणाऱ्याचा श्वास कुणाच्या वहीत?

बुद्धपौर्णिमेची सभा होती. विरार पूर्वेला, आमच्या चाळीच्या मागच्या पटांगणात. स्टेजवर आपल्यातलेच एक साहेब बसले होते. सोसायट्यांच्या साफसफाईची कंत्राटं घेतात. पांढरं शर्ट, खिशाला निळी पट्टी. माईक हातात घेऊन सम्यक आजीविकेवर बोलले. बुद्धाने पाच व्यापार वर्ज्य केले, म्हणाले. शस्त्र, जिवंत प्राणी आणि माणसं, मांस, दारू, विष. यातलं काही मी विकत नाही, माझा धंदा स्वच्छ आहे, म्हणाले. टाळ्या पडल्या. माझ्या बाजूला मटणाच्या दुकानात काम करणारा एक पोरगा बसला होता. त्याने मान खाली घातली.

मी पण टाळी वाजवली. त्या टाळीची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

९ एप्रिल २०२४ ला विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीत, एका रहिवासी संकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत चार कामगार मेले. एसटीपी म्हणतात त्या टाकीला. एक उतरला, वर आला नाही, म्हणून बाकीचे गेले. चौघेही तरुण. त्याआधी मे २०१९ मध्ये नालासोपाऱ्यात सेप्टिक टँकमध्ये तिघे असेच गेले. कुणी शस्त्र विकलं नव्हतं, कुणी विष विकलं नव्हतं. पाच व्यापारांच्या यादीत बसेल असं काहीच नाही. तरी माणसं मेलीच ना?

आधी माणूस टाकीत मरतो कसा ते नीट समजून घ्या. हे कळल्याशिवाय अहिंसेवर भाषण करायचा कुणाला अधिकार नाही.

मी कपडा रंगवायच्या मिलमध्ये आहे. पहाटेची डहाणू लोकल, बोईसर, बारा तास. काळा रंग काढायला सल्फर ब्लॅक वापरतात, त्याला सोडियम सल्फाइड लागतं. त्याच्या पाण्यात ॲसिडचं पाणी मिसळलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड. मैल्याच्या टाकीत तोच गॅस ॲसिड न घालता तयार होतो. हवा न लागता घाण साचून राहिली की तिच्यातले जंतू तो बनवतात. हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळाशी बसतो. आणि गाळाच्या आत कोंडलेला असतो. वरून टाकी शांत दिसते. माणूस खाली जाऊन गाळात फावडं घालतो, तेव्हा तो एकदम सुटतो.

हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग झाले की मीटरने बोंब मारायला पाहिजे. शंभरच्या आसपास गेलं की जिवाला तात्काळ धोका. आणि तिथंच नाक बधिर होतं. वास येईनासा होतो. जुना माणूस सांगतो, ‘वास गेला, आता उतर.’ च्यायला, वास गेला नाही, नाक गेलं! पाचशेच्या पुढे हजारापर्यंत काही श्वासांत माणूस आडवा. ओरडायलाही वेळ मिळत नाही. वरचा त्याला पडलेला बघतो आणि मित्र म्हणून उडी मारतो. मग तोही जातो. एकाच्या जागी चार मरतात ते यामुळे. मारणारा गॅस, पण मागच्या तिघांना खाली खेचतं ते त्यांचं माणूसपण.

तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही. साधा मास्क प्राणवायू बनवत नाही. काडी पेटवून बघणं तर वेडेपणा, टाकीत मिथेनही असतो, भडका उडेल.

आता कंत्राटदार साहेब म्हणतील, माझा मारण्याचा हेतू नव्हता. बुद्ध हेतूला महत्त्व देतो, मग मी दोषी कसा?

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. त्यात अहिंसेचा विचार करताना ते दोन गोष्टी वेगळ्या करतात: मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज. अहिंसा हा आंधळा नियम नाही, डोकं वापरून लावायचं तत्त्व आहे. मग साहेब, तुमचं प्रकरण या मापाला लावू. इच्छा नव्हती, मान्य. गरज होती का? सक्शनची गाडी भाड्याने मिळते. गॅस मीटर मिळतो. मग गरजही नव्हती. इच्छा नाही, गरज नाही आणि तरी माणूस मेला. मग त्याला मारलं कशाने? दरपत्रकाने. माझ्या मते ही तिसरी हिंसा आहे, वहीतली. धोका माहीत असून स्वस्त मार्ग निवडणं, हाही हेतूच. आणि माहीतच नव्हतं म्हणाल, तर माहिती नसताना दुसऱ्याला खड्ड्यात पाठवायचा धंदा उघडलात कशाला? त्याच ग्रंथात सम्यक आजीविकेचा अर्थ सरळ आहे: दुसऱ्याला इजा किंवा अन्याय न करता पोट भरणं. काय विकता एवढंच नाही, कसं कमावता तेही बघावं लागतं.

हे सगळं बाहेरून आणलेलं ज्ञान नाही. आपल्या पायाखालचं आहे. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावात मिळाला, १९५६ साली. आपल्या धम्मदीक्षेचंच साल! नववा लेख म्हणतो काय? लोक आजारात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडं. खरं मंगल कोणतं, तर दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा आदर, जिवांबद्दल संयम. यादीत पहिला नोकर आहे. सोपारा हे व्यापाऱ्यांचं बंदर होतं, त्या व्यापाऱ्यांना दगडावर कोरून हे सांगितलं होतं. आणि आज त्याच भागात मंगलविधीला पाच हजार वर्गणी देणारा मालक गॅस मीटर घेत नाही.

सिगालोवाद सुत्तात मालकाची कामं सांगितली आहेत. त्यातलं पहिलं, नोकराच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं. मग पगार, जेवण, आजारात सेवा. पहिलंच घ्या. गाळातला गॅस सोसायची ताकद कुठल्या फुप्फुसात आहे? पैलवानाच्या नाही. म्हणजे हवेच्या सोयीशिवाय ते काम माणसाला देताच येत नाही. विषय संपला.

आता वहीच उघडू. समजा तीनशे घरांची सोसायटी आहे. टाकी साफ करायला दोन दरपत्रकं आली. दुसरं पहिल्यापेक्षा चाळीस हजारांनी जास्त. कमिटी स्वस्त घेते, टाळ्या पडतात, चिटणीस हुशार ठरतो. तो फरक तीनशे घरांत वाटा. घरामागे एकशे तेहतीस रुपये. एका पिझ्झाचेही नाहीत. आता दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. महागात सक्शनची गाडी आहे, टाकीत ताजी हवा ढकलणारा ब्लोअर आहे, गॅस मीटर आहे, तिपाई, चरखी आणि अंगाला बांधायचा पट्टा आहे, वरून नळीने हवा देणारा मास्क आहे, वर उभा राहणारा माणूस आहे. स्वस्तात लिहिलंय, ‘टाकी सफाई, मजुरीसह.’ स्वस्त कसं झालं ते कळलं? जे लिहिलं नाही ते मजुराच्या फुप्फुसातून वजा केलंय.

आणि सामान लिहिलं म्हणून भागत नाही. मीटर झाकण उघडल्यावर वरच्या वर धरून ‘ओके’ म्हणतात. ते फसवं आहे. मीटर दोरीने तळापर्यंत सोडायला पाहिजे आणि काम चालू असेपर्यंत उतरलेल्याच्या अंगावर राहायला पाहिजे, कारण गाळ ढवळला की आकडा बदलतो. पट्टा उतरायच्या आधी बांधलेला पाहिजे. माणूस पडल्यावर बांधायला कोण जाणार? पट्टा असला की वरचा चरखी फिरवतो आणि ओढून काढतो, उडी मारत नाही. एक पट्टा तीन जीव वाचवतो.

कायदा आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारातल्या मृत्यूला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. ती बाईने नवरा गमावल्यावर मिळायची. त्याआधीच्या पायरीवर, दरपत्रकावर सही होताना, तिथं कोण उभा आहे?

कोण म्हणेल, ‘पोरं स्वतःहून येतात, काम बंद केलंत तर खातील काय?’ हा युक्तिवाद आपण ओळखतो. आपल्या आज्यापणज्यांनाही गावकी असंच म्हणायची, ढोरं ओढणं तुमचं कामच आहे, नाही केलं तर खाल काय. काम बंद करा म्हणतच नाही मी. सक्शनच्या गाडीलाही माणूस लागतो, चरखीलाही लागतो. त्याच पोरांना ते शिकवा आणि त्याचा पगार द्या.

आता माझं. आमच्या मिलच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात एकदा पंप अडकला. सुपरवायझरने हेल्परला उतरवलं. बिहारचा पोरगा, तोंडाला ओला गमछा. मी वर बॅटरी धरून उभा. मला सल्फाइड माहीत होतं. मी बोललो नाही, कारण पगार चार दिवसांवर होता. तो ओकत वर आला, जगला. रात्री मी त्याच्यावर कविता लिहिली. दोस्तांनी वा वा केलं. दोस्तांनो, कवितेत प्राणवायू नसतो.

म्हणून स्टेजवरच्या साहेबांना सांगतो, मटणवाल्या पोराची मान खाली घालायला लावू नका. त्याच्या दुकानात निदान माणूस कापला जात नाही. आणि तुम्हा कार्यकर्त्यांना सांगतो, पुढच्या पौर्णिमेला पंचशील म्हणून झालं की आपापल्या सोसायटीच्या, चाळीच्या कमिटीकडे जा. टाकीचं दरपत्रक मागा. विचारा, मीटर कुठे, पट्टा कुठे, वर कोण उभा राहणार? उत्तर नसेल तर झाकणावर बसा. उठू नका. मी पण मिलमध्ये खड्ड्याच्या झाकणावर बसणार आहे, पगार चार दिवसांवर असला तरी.

जयभीम.