आजोबांच्या ट्रंकेतले शंभर शेअर्स

समजा, पांढरकवड्यातल्या तुमच्या घरी दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंकेतून आजोबांच्या नावाचं, रिलायन्सच्या शंभर शेअर्सचं १९९६चं सर्टिफिकेट निघालं. लगेच विकायला धावू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आधी डीमॅट.

पण खरी गंमत पुढेच आहे. मालकी कागदात नसते, कंपनीच्या नोंदवहीत असते. रिलायन्सने १९९७, २००९, २०१७ आणि २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. म्हणजे मधे कुणी विकले नसतील, तर शंभराचे सोळाशे झाले! बोनसची सर्टिफिकेटं घरात सापडली नाहीत तरी हक्क बुडत नाही. म्हणून सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर देऊन कंपनीच्या रजिस्ट्रारला विचारा, नोंदीत नेमके किती आहेत.

आजोबा हयात नसतील तर शेअर्स आधी वारसांच्या नावावर होतात. हरवलेल्या सर्टिफिकेटसाठी पोलिसांत तक्रार करावी लागू शकते. २०२२ पासून डुप्लिकेटही कागदावर मिळत नाही, शेअर्स डीमॅट खात्यातच येतात. खातं ब्रोकरकडे उघडलं तरी शेअर्स जमा असतात ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत. ब्रोकरने दुकान बंद केलं तरी नोंद तिथे राहते.

सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतलाच नसेल, तर शेअर्स सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत गेलेले असू शकतात. तिथूनही परत मिळतात, वेळ मात्र लागतो. त्या अर्जाला सरकारी फी नाही, तेव्हा ‘वीस टक्के द्या, काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला सही देण्याआधी स्वतः अर्ज भरून बघा.